वेलीचं बूड आणि एकोणतीस अंडी

मोठ्या कागदावर छापलेलं रेंडर, म्हणजे संगणकावर बनवलेलं इमारतीचं चित्र, टेबलावर पसरलं होतं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, खिशातून पेन्सिल काढली आणि भिंतीच्या माथ्यावर पुढे आलेल्या कॉर्निसखालच्या वेलपट्टीवर तिचं टोक ठेवलं. ते जन्मभर दगडावर नक्षी कोरत आलेले पाथरवट. माझ्या चित्रातली पट्टी पुढे त्यांच्याच हाताखाली कोरली जाणार होती. पेन्सिल वेलीवरून सरकू लागली. पहिला वळसा वर गेला, आणि खाली येणाऱ्या दुसऱ्यापाशी पेन्सिल थांबली.

"ताई, ही वेल इथं मेली."

मी वाकून पाहिलं. दुसऱ्या वळशात एक सुरेख पान होतं, पण त्याला देठ नव्हता. वेल त्या पानामागे गेली होती आणि पलीकडे बाहेर आलीच नव्हती. तिथून पुढे दुसरीच वेल सुरू झाली होती. काकांनी पट्टीच्या मध्यावर बोट ठेवलं. "आणि हिचं बूड कुठाय? उगवली कुठून?"

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तोपर्यंत त्या पट्टीकडे मी एक पोत म्हणूनच पाहिलं होतं. दुरून ती भरगच्च दिसत होती, कोरीव वाटत होती, आणि मला तेवढं पुरेसं होतं.

काम असं होतं. जुन्या घडणीची एक नवी इमारत, दर्शनी भाग अठरा मीटर रुंद आणि सगळा दगडी. त्याचा मधला ३.६ मीटरचा भाग बाकीच्या भिंतीच्या थोडा पुढे आलेला. त्यावर ४५० मिलिमीटर उंचीची वेलपट्टी, तिच्यावर मणी-चकतीची बारीक ओळ, त्यावर अंडे-बाण पट्टी, म्हणजे एग अँड डार्ट, आणि सगळ्यांच्या वर ६०० मिलिमीटर पुढे आलेलं कॉर्निस. बाकीच्या दर्शनी भागावरही नक्षी होती, पण चुकण्यासारखं आणि शिकण्यासारखं जे काही होतं ते या मधल्या भागात होतं, म्हणून तेवढंच सांगते.

आधी मी काय केलं होतं ते सांगायला हवं. काकांनी नमुना म्हणून वेलपट्टीचा ९०० मिलिमीटर लांबीचा तुकडा कोरून ठेवला होता. ढगाळ दिवशी मी त्याचे एकशे चाळीस फोटो काढले आणि फोटोग्रामेट्रीतून, म्हणजे अनेक कोनांतल्या फोटोंवरून आकार मोजून, त्रिकोणांची त्रिमितीय जाळी बनवली. ढगाळ दिवस मुद्दाम निवडला, कारण उन्हात काढलेल्या फोटोंत त्या वेळची सावली दगडाच्या रंगातच छापली जाते. मग रेंडरमधला सूर्य उजवीकडून आला तरी प्रत्येक पानाखाली डाव्या सूर्याची जुनी सावली तशीच राहते. इथवर ठीक होतं. पुढे मी घाई केली. जाळी जड होती, म्हणून तिचं उंची-चित्र बनवलं: करड्या रंगाचं चित्र, त्यात पांढरं म्हणजे वर आलेलं आणि काळं म्हणजे खोल. एका सपाट पट्टीवर ते चढवलं आणि डावीकडून उजवीकडे चार वेळा जोडून टाकलं.

उंची-चित्रात एका जागेला एकच उंची देता येते. कोरीव पान तसं नसतं. त्याचं टोक पुढे वळून येतं, त्याच्या पोटाखाली मोकळी जागा असते आणि मागे वेल पुढे जात असते. एकाच रेषेत तीन गोष्टी: पानाची कड, पोकळी, मागचा देठ. उंची-चित्र त्यातली सर्वांत पुढची तेवढी ठेवतं आणि तिच्यापासून पाठीच्या दगडापर्यंत सरळ भिंत उभी करतं. देठ त्या भिंतीत गाडला जातो. काकांना "मेलेली" दिसली ती वेल हीच.

त्याहून बारकी खोड स्कॅनमध्येच होती. पानाच्या पोटाखाली कॅमेऱ्याला काही दिसलं नव्हतं. जिथे दिसत नाही तिथे सॉफ्टवेअर भोक बुजवतं, आणि बुजवताना पानाच्या कडेपासून मागच्या दगडापर्यंत एक पातळ पडदा ताणतं, बदकाच्या बोटांमध्ये असतो तसा. समोरून तो कळत नाही. तिरका प्रकाश टाकला की जिथे काळीभोर खोल सावली हवी तिथे मऊ करडा उतार दिसतो, आणि तेवढ्यावरून ओळखता येतं.

तिसरी खोड चित्राच्या खोलीची. मी उंची-चित्र आठ बिटमध्ये साठवलं होतं. त्यात करड्या रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. नक्षीची खोली साठ मिलिमीटर धरली तर एक पायरी साधारण पाव मिलिमीटरची. ऐकायला ती क्षुल्लक वाटते. पण पानाचा मंद फुगवटा असतो तिथे उंची खूप हळू बदलते, त्यामुळे प्रत्येक पायरी रुंद पसरते आणि तिरक्या उन्हात पानावर नकाशातल्या समोच्च रेषांसारखी वलयं उमटतात. सोळा बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या मिळतात, तिथे हा त्रास संपतो. उंचीची फाइल उघडताना तिची रंगजागा `Non-Color` ठेवायलाही विसरू नये. नाहीतर उंचीचे आकडे रंग समजून वाकवले जातात आणि पानं एकतर चपटी होतात, नाहीतर फुगतात.

पण सोळा बिटनेही देठ परत येणार नव्हता. इतक्या खोल आणि पोटाखाली कोरलेल्या कामाला खरी जाळीच लागते, हे मी मान्य केलं आणि सगळं पुसून पुन्हा सुरुवात केली.

काकांनी मला आधी संगणकावर बसू दिलं नाही. कागद पुढे केला आणि वेल काढायला लावली. पानं नाहीत, फुलं नाहीत, नुसती वेल. पट्टीच्या मधोमध पानांचा एक झुबका, ते बूड. त्यातून दोन वेली निघतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. झुबका ३६० मिलिमीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना १६२० उरतात, आणि ४०५ चा एक वळसा धरला की प्रत्येक बाजूला बरोबर चार वळसे बसतात. पहिला वळसा वर, दुसरा खाली, तिसरा वर, चौथा खाली. मुख्य वेल सापासारखी लहरत पुढे जाते आणि प्रत्येक लहरीतून एक फाटा सुटून आत गोल वळतो, त्याच्या पोटात फूल. फाटा जिथे सुटतो तिथे एक आवरणपान असतं. वेल त्यातून बाहेर येते, जशी बाही मनगटाशी संपते आणि हात पुढे येतो. चौथ्या वळशात वेल फुलात संपते, तिथून पुढे काही जात नाही.

हे काढताना माझ्या जुन्या पट्टीतली मोठी चूक आपोआप उघडी पडली. त्या नमुन्यात दोन वळसे होते, तो मी एकाच दिशेने चार वेळा जोडला होता. त्यामुळे वेल डाव्या कोपऱ्यातून शून्यातून उगवत होती, मध्यावरून बेफिकीर पुढे जात होती आणि उजव्या कोपऱ्यात कापल्यासारखी थांबत होती. या वेलीचा आवर्ती घटक म्हणजे दोन वळसे, एक वरचा आणि एक खालचा. त्याची वाढ बुडापासून टोकाकडे जायला हवी आणि उजवा अर्धा भाग डाव्याचं आरशातलं रूप हवा. एक वळसा घेऊन तोच जोडत गेलं तर सगळे वळसे एकाच बाजूला वळतात, आणि ती वेल न राहता ओळीने मांडलेल्या गोल बिस्किटांसारखी दिसते.

मग पान. अकँथसचं पान म्हणजे काठावर दाते असलेलं पान, एवढीच माझी समजूत होती. काकांनी नमुन्यातल्या एका पानावर बोट फिरवलं आणि दोन पाळ्यांच्या मधल्या खाचेत नखाचं टोक घातलं. तिथे बदामाच्या आकाराचं एक खोल भोक होतं. ते पानाचा डोळा म्हणाले. शेजारच्या दोन पाळ्या एकमेकींवर किंचित चढतात, आणि जिथे चढतात तिथे आधी गिरमिटाने भोक पाडून मग कडा कोरतात. त्या डोळ्यापासून पानाच्या बुडाकडे एक उंचवटा उतरतो, नळीसारखा. दुरून पान ओळखू येतं ते दात्यांमुळे नाही, तर या काळ्या ठिपक्यांमुळे आणि त्यांच्यापासून निघणाऱ्या नळ्यांमुळे. माझ्या स्कॅनमध्ये सगळे डोळे बुजले होते. म्हणूनच ती पानं हातमोज्यासारखी दिसत होती, पण का ते मला सांगता येत नव्हतं.

म्हणून नवीन जाळी अशी केली. स्कॅन खाली आधार म्हणून ठेवला. त्यावर मुख्य वेल एका वक्ररेषेवरून नळीसारखी ओढली, म्हणजे ती कुठे तुटणं शक्यच नाही. पडदे कापून काढले. प्रत्येक पानाच्या पोटाखालची पोकळी हाताने खोदली, प्रत्येक डोळा पुन्हा पाडला. दोन वळशांच्या घटकाची जाळी सुमारे वीस लाख त्रिकोणांची झाली. आधी मी या आकड्यालाच घाबरून उंची-चित्राकडे वळले होते. पण ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये घटकाची जोडप्रत केली, म्हणजे Alt+D, तर सगळ्या प्रती एकच जाळी वापरतात आणि स्मृतीवर जवळजवळ काही भार येत नाही. आरशातली बाजूही अशीच प्रत उलटी करून मिळते. एक काळजी मात्र घ्यावी लागते: प्रतींवर दगडाचा डागही तसाच उमटतो आणि तोच डाग ओळीने चार वेळा दिसला की नक्कल उघडी पडते. म्हणून दगडाचा पोत `Object Info` मधल्या `Random` या आकड्याने प्रत्येक प्रतीवर वेगळा सरकवला.

नॉर्मल मॅप, म्हणजे पृष्ठभागाचा कल रंगांत साठवणारं चित्र, पूर्ण सोडला असं नाही. छिन्नीचे ओरखडे, दगडाचा रवा, मिलिमीटरपेक्षा उथळ असं जे काही, ते त्यातच ठेवलं. नॉर्मल मॅप खरा आकार बदलत नाही, फक्त प्रकाशाला फसवतो. त्यामुळे त्याला कडेची आकृती नसते आणि त्यातल्या उंचवट्याची सावली शेजारी पडत नाही. त्याचा हिरवा चॅनल उलट्या पद्धतीचा निघाला तर खोदलेले ओरखडे उठावाचे दिसतात. प्रकाश वरून असताना खळग्याची वरची कड काळी दिसायला हवी. ती खालची दिसली तर चॅनल उलटा आहे.

वेल मार्गी लागली. आता अंडी.

अंडे-बाण पट्टीतल्या एका अंड्याचं आणि एका बाणाचं मिळून अंतर आराखड्यात १२० मिलिमीटर होतं. पुढे आलेल्या भागाची लांबी ३६०० आणि दोन्ही कोपऱ्यांवर सत्तर-सत्तर मिलिमीटरचं एकेक कोपरापान, म्हणजे मध्ये उरले ३४६०. भागाकार केला तर २८.८३. मी आधी सॉफ्टवेअरला सांगितलं होतं की ही लांबी भर. त्याने अठ्ठावीस पूर्ण अंडी मांडली आणि उजव्या टोकाला शंभर मिलिमीटर मोकळी जागा सोडली. ती जागा मी एक अंडं कापून भरली होती. छापील चित्रात ते कापलेलं अंडं अगदी कोपऱ्यात होतं, कोणाच्या लक्षात येणार नाही असं मला वाटलं होतं. काकांनी ते आधी पाहिलं आणि वेल नंतर.

कोरणारा माणूस अंडं कधीच कापत नाही. तो दोन्ही कोपरे आधी पक्के करतो, मग मधली लांबी पूर्ण संख्येत वाटतो आणि अंतर जरासं ताणतो किंवा आवळतो. ३४६० भागिले २९ म्हणजे ११९.३ मिलिमीटर. प्रत्येक घटक अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त आवळला, एवढंच. डोळ्याला ते कळणं शक्य नाही. शिवाय एकोणतीस विषम आहे, म्हणून मधलं अंडं बरोबर मध्यावर येतं, खालच्या वेलीच्या बुडाच्या नेमकं वर. अठ्ठावीस घेतली असती तर मध्यावर बाण आला असता.

खालची मणी-चकतीची ओळ मी स्वतंत्रपणे मांडली होती, ५८ मिलिमीटर अंतराने. आराखड्यात प्रत्येक अंड्याखाली एक मणी आणि प्रत्येक बाणाखाली एक मणी होता, म्हणजे अंतर साठ हवं. दर मण्याला दोन मिलिमीटर चुकत गेलं की पंधरा मण्यांत तीस मिलिमीटर सरकतं, आणि जिथे मणी हवा तिथे चकत्या येतात. डावीकडे जुळलेली ओळ मध्याकडे जाताना सुटते आणि पुढे पुन्हा जुळते. पाहणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण पट्टी थरथरल्यासारखी वाटते. उपाय सोपा निघाला. एक अंडं, एक बाण आणि त्यांच्याखालचे दोन मणी आपापल्या चकत्यांसह असा एकच घटक केला आणि तो २९ वेळा मांडला. आता वरचं अंतर बदललं तर खालचंही आपोआप बदलतं.

इतकं करून पहिलं चाचणी रेंडर काढलं आणि माझा धीर सुटला. जाळी जवळून परिपूर्ण होती, पण पूर्ण चित्रात अंडी पुन्हा गोल मण्यांसारखी दिसत होती आणि बाण नाहीसे झाले होते.

तेव्हा मी जे गणित पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. चित्र चार हजार पिक्सेल रुंद, त्यात इमारत ३,६०० पिक्सेलमध्ये बसलेली. अठरा मीटर भागिले ३,६००, म्हणजे एका पिक्सेलमध्ये पाच मिलिमीटर दगड. एका अंड्याच्या घटकाला चोवीस पिक्सेल मिळत होते, ते पुरेसे वाटतात. पण अंडं अंडं दिसतं ते त्याच्या आणि भोवतीच्या टरफलाच्या मधल्या खाचेमुळे, आणि ती खाच आठ मिलिमीटरची. तिला दीड पिक्सेल. एका खाचेत उजळ कड, काळोख आणि पलीकडची उजळ कड असं तिन्ही दिसायचं असेल तर किमान तीन पिक्सेल लागतात, निवांत दिसायला चार. दीड पिक्सेलमध्ये उजेड आणि काळोख मिसळून करडा होतो, आणि अंडं टरफलाला चिकटून एक गोळा होतो. जाळी कितीही चांगली असली तरी यातून सुटका नाही.

म्हणून उलटं मोजलं. सर्वांत बारीक जे दिसायला हवं ते आठ मिलिमीटर, त्याला चार पिक्सेल, म्हणजे एका पिक्सेलला दोन मिलिमीटर. इमारतीला नऊ हजार पिक्सेल आणि आजूबाजूच्या जागेसकट चित्र दहा हजार पिक्सेल रुंद. छापील फलकासाठी हे चांगलंच होतं, ३०० डीपीआयला सुमारे पंच्याऐंशी सेंटिमीटर. हे गणित समोरून पाहिलेल्या दर्शनी भागाचं. कॅमेरा बाजूला नेऊन भिंत साठ अंशांनी तिरकी पाहिली तर आडवे पिक्सेल निम्मे होतात, आणि लांबचं टोक त्याहूनही हलाखीत. म्हणून अशा कामात मी आता दृश्यकोन ठरवायच्या आधी सर्वांत बारीक खाच मोजते.

आणि तेच चित्र फोनच्या हजारभर पिक्सेलमध्ये बघितलं जाणार असेल तर त्यात एका अंड्याला सहा-सात पिक्सेल येतात. तिथे काहीही करून बाण दिसणार नाही. मी मालकांना पूर्ण चित्रासोबत मधल्या भागाचं वेगळं, जवळचं चित्र दिलं आणि पूर्ण चित्र धारदार करायचा मोह टाळला. लहान केलेल्या चित्रावर शार्पनिंग चढवलं की गोळ्यांभोवती पांढऱ्या कडा येतात आणि जी नक्षी तिथे नव्हतीच ती असल्याचा भास होतो. कोरणाऱ्याला ते चित्र दिलं तर तो तीच खोटी कड मोजेल.

पिक्सेल मिळाले, तरी नक्षी निस्तेज होती. इथून पुढचा प्रश्न सावलीचा होता.

वास्तुचित्रांत सावली काढायचा एक जुना संकेत आहे. प्रकाश डाव्या खांद्यावरून, घनाच्या कर्णाच्या दिशेने येतो असं धरतात, म्हणजे समोरून पाहिलं तरी आणि बाजूने पाहिलं तरी तो ४५ अंशांत दिसतो. त्याचा फायदा असा की जे जेवढं पुढे आलं आहे तेवढीच त्याची सावली खाली पडते, त्यामुळे नुसत्या समोरच्या चित्रावरूनही खोली मोजता येते. मी तोच सूर्य घेतला होता. पण कॉर्निस ६०० मिलिमीटर पुढे आहे, म्हणजे सावली ६०० मिलिमीटर खाली. त्यात अंडी, मणी आणि साडेचारशेची वेलपट्टी, सगळंच बुडालं.

सूर्य खाली आणून पाहिला. वीस अंश उंचीवर आणि भिंतीच्या समोरच्या दिशेपासून तीस अंश बाजूला ठेवला तर सावली अडीचशे मिलिमीटरवर येते. आता सावलीची कड अंडी आणि मणी ओलांडून वेलपट्टीत शिरली होती आणि वळशांच्या वरच्या भागातून आडवी जात होती. वर काळी वेल, खाली पांढरी. हे आधीपेक्षाही वाईट, कारण डोळा वेल सोडून त्या कडेच्या मागे जातो.

काकांना विचारलं. ते म्हणाले, "ही पट्टी उन्हात नसतेच. दिवसाचा निम्मा वेळ सावलीत असते. म्हणून तर खोल कोरतो आम्ही. तिला उजेड खालून मिळतो, जमिनीवरून."

मी माझ्या दृश्यातली जमीन पाहिली. तिथे मी काळपट डांबरी रंगाचं एक पटल टाकून ठेवलं होतं, कारण चित्राच्या चौकटीत जमीन जेमतेम दिसत होती. आराखड्यात मात्र समोर फिकट दगडाची फरसबंदी होती. डांबराच्या रंगाचं पटल प्रकाशाचा दहावा भागसुद्धा परत पाठवत नव्हतं, फिकट दगड तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पाठवतो. फरसबंदी खऱ्या रंगाची केली आणि सूर्य परत ४५ अंशांच्या संकेतावर नेला. सावलीतली नक्षी खालून उजळली. पानांची पोटं उजेडात आली, वरच्या बाजू काळोखात गेल्या, डोळे काळे राहिले. उन्हातल्या नक्षीच्या बरोबर उलटं, आणि जुन्या इमारतीखाली उभं राहून वर पाहिलं की असंच दिसतं. मी इतकी वर्षं ते पाहत होते आणि ओळखलं नव्हतं.

दोन जुन्या सवयी याच वेळी काढून टाकल्या. पहिली, शेवटी चित्रावर ॲम्बियंट ऑक्लूजनचा थर चढवायची. खोबणीतला अंधार रेंडरने आधीच मोजलेला असतो, त्यावर पुन्हा अंधार चढवला की सगळ्या खाचा एकसारख्या काळ्या होतात आणि उथळ कोणती, खोल कोणती हे कळत नाही. दुसरी, सूर्य मऊ करायची. खऱ्या सूर्याचं बिंब आकाशात सुमारे अर्ध्या अंशाचं असतं. चाळीस मिलिमीटर पुढे आलेल्या पानाच्या सावलीची कड त्यामुळे फार तर मिलिमीटरभर धूसर होते. चित्र देखणं दिसावं म्हणून मी तो दहा अंशांचा करत असे, मग तीच कड निदान सात मिलिमीटर पसरते. आठ मिलिमीटरच्या खाचेसाठी ते फार झालं. मधल्या भागाच्या जवळच्या चित्रात मी वेलीवर थेट ऊन घेतलं होतं, तिथे या बदलाने पानांना एकदम धार आली.

शेवटचा घोळ चित्रातला रवा पुसणाऱ्या डिनॉइझरने केला. सावलीतल्या जागेला सगळा प्रकाश परावर्तित होऊन मिळतो, म्हणून तिथेच चित्रात सर्वांत जास्त रवा असतो, आणि जिथे रवा जास्त तिथे डिनॉइझर जास्त अंदाज बांधतो. म्हणजे नेमकं नक्षीवर. एका तुकड्यात लागोपाठ तीन बाण शेजारच्या अंड्यात विरघळले होते, अगदी गुळगुळीत आणि स्वच्छ दिसत. स्वच्छ दिसत असल्यामुळेच संशय येत नाही. हे पकडायची माझी पद्धत अशी: डिनॉइझ न केलेलं चित्रही साठवायचं, दोन्ही शंभर टक्के आकारात एकावर एक ठेवायची आणि आलटून पालटून पाहायची. रवाळ चित्रात जी खाच दिसते आणि स्वच्छ चित्रात नाही, ती खाल्ली गेली.

डिनॉइझरला मी `Albedo and Normal` हे दोन्ही पास, म्हणजे मूळ रंगाचं आणि पृष्ठभागाच्या दिशेचं अशी वेगळी चित्रं, दिले आणि त्यांची पूर्वगाळणी `Accurate` वर ठेवली. नॉर्मलच्या पासमध्ये कडा प्रकाशावर अवलंबून नसतात, त्यामुळे अंधारातली कडही त्याला दिसते. त्याशिवाय नक्षीचा पट्टा तेवढा वेगळा रेंडर केला, किती रवा चालेल ती मर्यादा, म्हणजे नॉइझ थ्रेशोल्ड, ०.०१ वरून ०.००३ वर आणून. वेळ खूप लागला, पण संपूर्ण चित्रासाठी तेवढा लावायची गरज नव्हती. साध्या भिंतीवर डिनॉइझर काही बिघडवत नाही.

छापायच्या आधी एक करडं रेंडर काढलं, सगळा दगड एकाच रंगाचा, पोत नाही, डाग नाहीत. दगडाचा पोत पुष्कळ चुका झाकतो, करडा रंग काही झाकत नाही. त्यावर मी अंडी मोजली, दोन्ही कोपऱ्यांपासून मध्याकडे. चौदा, चौदा आणि मधलं एक. मग काकांसारखंच पेन्सिल घेऊन बुडापासून वेलीवर निघाले, डावीकडे चार वळसे, उजवीकडे चार.

नव्या छापावर काकांनीही तेच केलं. पेन्सिल बुडातून निघाली, आवरणपानातून बाहेर आली, पानामागे गेली, पलीकडे पुन्हा दिसली. चौथ्या वळशातल्या फुलापर्यंत ती कुठे थांबली नाही. मग उजवी बाजू. तिथेही पोचली. त्यांनी कागद जवळ ओढला, चष्मा नाकावर आणला आणि दुसऱ्या वळशातल्या एका पानाकडे बराच वेळ पाहत राहिले.

"याला तीन डोळे हवेत. दोनच आहेत."

मी नमुन्याचा फोटो उघडला. तीन होते. जाळी साफ करताना एक भोक मीच बुजवलं होतं, स्कॅनमधला दोष समजून. घटक एकच असल्यामुळे तो डोळा डावीकडेही बुजलेला होता, आणि दोन्ही चौथ्या वळशांमध्येही. त्या संध्याकाळी तो पाडला, पट्टा पुन्हा रेंडर करायला लावला आणि सकाळी नवा तुकडा छापून काकांच्या कामाच्या जागी नेऊन दिला. त्यांनी तो भिंतीला टाचला आणि खालच्या दगडावर खडूने मध्याची रेघ मारली.